पत्रिका तेलुगू, वऱ्हाड मराठी

सोलापूरकरांना थोडंफार तेलुगू येतं हे नातेवाईकांना एकदा कळलं की झालं. आमच्या चुलतभावाचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा, मुलगी राजमंड्रीची, आणि काकूचा फोन, अगं त्यांची पत्रिका आलीये, मराठी करून ग्रुपवर टाक ना. पत्रिका मस्त होती, चारी कोपऱ्यांना हळद, वर 'श्रीरस्तु शुभमस्तु अविघ्नमस्तु'. आता शब्दाला शब्द ठेवून दिला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं, पण वऱ्हाडाला काय कळायला हवं? कधी पोचायचं, कधी जेवायचं, अक्षता कधी टाकायच्या. ते पत्रिकेत लिहिलेलं असतं, पण त्यांच्या माणसांसाठी.

सगळ्यात घोळाची ओळ मुहूर्ताची. 'बुधवार रात्री २.३८' आणि पुढे कंसात 'तेल्लवारिते गुरुवारम', म्हणजे उजाडल्यावर गुरुवार. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे रात्री अडीचलाही बुधवारच. शेजारी तारीख छापलेली १२, बुधवारची. आता आमच्या काकांनी हे वाचलं असतं तर बुधवारी दुपारचे २.३८ तरी धरले असते, नाहीतर रेल्वेच्या हिशोबाने १२ तारखेचे पहाटेचे, म्हणजे मंगळवारची रात्र, आणि एक अख्खा दिवस आधी जाऊन लॉजवर बसले असते. म्हणून मी तारीख-वाराचं भाषांतर केलंच नाही, सरळ लिहिलं: बुधवारी संध्याकाळी हॉलवर या, लग्न त्याच रात्री, घड्याळात १३ तारीख लागल्यावर. परतीचं तिकीट गुरुवारी दुपारनंतरचं काढा. आपल्याकडे गोरज मुहूर्त म्हणजे उशीर, तिकडे लग्नराशी बघून रात्रीचे मुहूर्त निघतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मग 'विंदु', रात्री ७.३० पासून. विंदु म्हणजे जेवण. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की आधी अक्षता मग पंगत, त्यामुळे आमची मंडळी लग्न लागायची वाट बघत उपाशी बसणार आणि अडीच वाजता कॅटरर भांडी घासत असणार. बरेच पाहुणे तिकडे संध्याकाळीच येतात, जेवतात, स्टेजवर जाऊन आशीर्वाद देतात आणि घरी जातात, मुहूर्ताला जवळचेच उरतात. आपण मुलाकडचे, आपण उरायचं, पण जेवून उरायचं, हे मी ठळक अक्षरात टाकलं.

त्याच्याही आधी 'एदुरुकोलु' होतं, आपल्या सीमांत पूजनासारखं, मुलीकडचे समोर येऊन पानकम म्हणजे गुळाचं सरबत वगैरे देऊन वऱ्हाडाचं स्वागत करतात. इथे उशीर चालत नाही, स्वागत ज्यांचं करायचं तेच पार्लरमध्ये असले तर समोरचे घागरी घेऊन उभे कुणासाठी राहणार.

आता खरा मुद्दा, 'लग्न लागलं' कधी म्हणायचं. आजीला पुण्यात व्हिडिओ कॉलवर दाखवायचं होतं ना! मंगलाष्टकं, सावधान, अंतरपाट खाली, हार, टाळ्या, या क्रमाने तिकडे होत नाही. अंतरपाट असतो, पण तो मध्ये असतानाच नवरानवरी जिरं आणि गूळ एकत्र वाटलेला गोळा विड्याच्या पानावर घेऊन एकमेकांच्या डोक्यावर धरतात. याला 'जीलकर्र-बेल्लम' म्हणतात आणि २.३८ ची वेळ याची. पडदा नंतर सरतो. मंगळसूत्र तर त्याच्याही बरंच नंतर, तीन गाठी, तेव्हा सनई-डोलु एकदम जोरात वाजायला लागतात, आवाज चढला की अक्षता टाका. बाकी वेळी मूठ वळून बसायचं, नंतर रांगेने स्टेजवर जाऊन डोक्यावर हाताने ठेवायच्या. चपला खाली.

'तलंब्रालु'ला मात्र झोपू नका. हळद लावलेले तांदूळ, त्यात मोती, दोघं ओंजळीने एकमेकांच्या डोक्यावर ओततात, सुरुवातीला अगदी मंत्राबरहुकूम, मग चढाओढ, दोन्हीकडचे ओरडायला लागतात. पत्रिकेवरचा संस्कृत श्लोक याचाच आहे, 'जानक्याः कमलामलाञ्जलिपुटे', सीतेच्या लाल ओंजळीत मोती माणकांसारखे दिसले, रामाच्या डोक्यावर कुंदाच्या फुलांसारखे आणि सावळ्या अंगावरून ओघळताना नीलमण्यांसारखे. एवढं मात्र मी हौसेने पूर्ण मराठीत केलं, ग्रुपवर कुणीच वाचलं नाही.

आहेराचं काय, हा आत्याचा प्रश्न. तिकडे त्याला 'चदिविंपुलु' म्हणतात, पाकिटावर नाव-गाव नीट लिहायचं कारण कुणीतरी वही घेऊन बसलेला असतो. पत्रिकेत 'आहेर नको' अशी ओळ नव्हती, तेव्हा न्यायचा. आत्याने विचारलं, एकशे एक की पाचशे एक? ते पत्रिकेत नाही, म्हटलं, काकूला विचारा.