बेल्टची लांबी कुठून कुठे मोजायची? माझा अनुभव

मामाचा चामड्याच्या बेल्टचा छोटा धंदा आहे. गेल्या दिवाळीआधी मी त्याला म्हटलं, ऑनलाइन विकूया, माहिती भरायचं काम माझं. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. त्यात तीन आठवडे गेले, आणि तेही एका रकान्यापायी.

फोटो, किंमत, रंग हे सगळं पटकन झालं. रुंदीतही अडचण आली नाही: फॉर्मल पॅंटसाठी 35 मिलिमीटर, जीन्ससाठी 40. जीन्सचा बेल्ट फॉर्मल पॅंटच्या लूपमधून ओढूनताणून जातो खरा, पण कापड चुरगळतं. हे मामानं सांगितलं आणि मी तसंच लिहून टाकलं.

मग आला रकाना ‘लांबी’.

मी टेप घेतली, चामड्याचा पट्टा मोजला आणि 42 इंच लिहिले. दोन दिवसांनी विक्रीच्या साइटकडून नकार आला: ‘फोटोतलं माप जुळत नाही.’ फोटोत मी टेप बकलाच्या बाहेरच्या कडेपासून धरली होती, त्यामुळे तिथे साडेत्रेचाळीस दिसत होते. मग साडेत्रेचाळीस लिहिले. पुन्हा नकार, कारण आता ‘साइज 36’ आणि लांबी यांचा मेळ बसेना. तिसऱ्या वेळी चिडून दोन्हीकडे 36 टाकले, तर ‘फोटो पुन्हा पाठवा’. फोन लागला की पलीकडचा माणूस नम्रपणे तेच वाक्य वाचून दाखवायचा. मला तर वाटायला लागलं, या लोकांनी बेल्ट कधी कमरेला बांधलाच नसेल.

शेवटी मामानं एक बेल्ट टेबलावर पसरला. म्हणाला, “अरे, एकाच बेल्टला तीन मापं असतात. तू तिन्ही एकात कोंबतोयस.” चामडं बकलाच्या दांडीवर दुमडतं, तिथपासून मधल्या भोकापर्यंत साइज धरायचा. आमचा 36 तो हाच. पाच भोकं, एकेक इंचावर, म्हणजे 34 पासून 38 पर्यंत कंबर चालते. शेवटच्या भोकापुढे चार इंचांचं शेपूट, म्हणून पट्टा 42. बकल दुमडीच्या पुढे दीड इंच येतं, म्हणून सगळं मिळून साडेत्रेचाळीस. तिन्ही मापं बरोबरच होती, फक्त कुठलं माप कुठून कुठे ते मी लिहिलं नव्हतं. लांबीत साडेत्रेचाळीस, साइजमध्ये 36 आणि वर्णनात ही तिन्ही मापं, प्रत्येकाचा टेप लावलेला वेगळा फोटो. चौथ्या खेपेला मंजुरी. त्या दिवशी मी मामीकडून दोन चहा जास्त मागून घेतले.

माल जायला लागला आणि पहिलाच बेल्ट परत आला. गिऱ्हाइकाच्या पॅंटवर लेबल होतं 34, म्हणून त्यांनी 34 चा मागवला. शर्ट खोचून, पॅंटवरून मोजलं तेव्हा निघाले 37. त्या बेल्टचं शेवटचं भोक 36 वरच संपतं. लेबलवर विसंबू नका, कंपन्या आकडा लहान छापतात. जुना बेल्ट असेल तर दुमडीपासून रोज वापरता त्या भोकापर्यंत मोजा, तोच तुमचा साइज.

ऑटो-लॉक बेल्टला हे लागू नाही. त्याला भोकं नसतात, पट्ट्याच्या आत बारीक दाते असतात आणि बकलातली पट्टी त्यांत अडकते. फॉर्मवर मात्र ‘भोकांची संख्या’ सक्तीची, आणि शून्य चालत नाही! आम्ही एक लिहिलं, देव माफ करो. हा बेल्ट लांब असला तर बकलाकडची बाजू कापायची, टोकाकडची नाही. आधी अर्धा इंचच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

साडीवरचा बेल्ट मामी बघते. तो पॅंटसारखा खाली बसत नाही, बेंबीच्या वर, कमरेच्या सगळ्यात बारीक जागी बसतो. म्हणून पॅंटचा साइज तिथे उपयोगाचा नाही. निऱ्या खोचून, पदर घेऊन, वरून टेप फिरवायची. पुढे हुक आणि मागे इलॅस्टिक असेल तर दोनेक इंच इकडेतिकडे चालतात.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: ‘मटेरियल’मध्ये चामडं लिहिण्याआधी भोकाजवळ बेल्ट वाकवून बघा. चुरा दाबून केलेलं चामडं असेल तर काही महिन्यांत तिथेच तडे जाऊन वरचा थर सोलायला लागतो. आमच्या एका पुरवठादारानं असाच माल ‘अस्सल’ म्हणून दिला होता. वीस बेल्ट अजून माळ्यावर पडून आहेत.