अर्जातलं एक वाक्य खोडलं

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला आहे. आमचे मॅनेजर रात्री मेसेज करायचे, खुर्चीमागे येऊन खांद्यावर हात ठेवायचे. मी स्पष्ट नाही म्हटल्यावर महिन्याभरात मला मेमो आला, एका मालाची नोंद दोन दिवस उशिरा झाली म्हणून. उशीर झाला होता, हे खरंच.

कंपनीच्या अंतर्गत समितीकडे मी लेखी तक्रार दिली. पण रजेवर, अप्रायझलवर सही मॅनेजरांचीच. म्हणून अर्ज लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य पडलं: ‘वैयक्तिक कारणास्तव व सध्याच्या विभागात जुळवून घेता येत नसल्याने माझी बदली करावी.’

टिळकवाडीची मावशी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. तिनं वाचलं नि म्हणाली, “हे काय लिहूलालीस गं? उद्या फायलीत एवढंच राहील, की हिला जमेना म्हणून हीच गेली.”

तिनं ते वाक्य खोडलं. मेमोबद्दल मी अर्धं पान सफाई दिली होती, तेही काढायला लावलं. मेमोचं उत्तर वेगळ्या कागदावर, तारखेसह. दोन्ही एकत्र आले की बदली म्हणजे त्या चुकीवरचा तोडगा वाटतो.

अर्ज मग एचआरला न करता समितीच्या अध्यक्षबाईंच्या नावे केला, एचआरला फक्त प्रत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं की चौकशी चालू असताना तक्रारदार बाईनं लेखी मागितलं, तर समिती तिची किंवा समोरच्याची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत रजाही, आणि ही रजा आपल्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. त्याच कायद्याखालच्या नियमांतला नियम ८ मात्र मला माहीतच नव्हता. त्यानुसार तुमच्या कामाचा अहवाल लिहायचं काम त्या माणसाकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. मला नेमकं तेच हवं होतं. बदली घेऊन हुबळीला मी का जाऊ?

शेवटी मजकूर असा झाला: ‘दिनांक अमुकच्या माझ्या तक्रारीची चौकशी पूर्ण होईपर्यंत, कलम १२ व नियम ८ नुसार, माझ्या कामाचा अहवाल व रजामंजुरी अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी. माझं पद, पगार, सेवाज्येष्ठता व कामाचं ठिकाण यांत बदल नको. ही विनंती तक्रार मागे घेणं किंवा मेमोतील आरोप मान्य करणं नाही.’ ‘कृपया’ एकदाच. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ मी सवयीनं लिहिलं होतं, तेही गेलं.

आवकचा शिक्का माझ्या प्रतीवर घेतला. क्लार्क म्हणाला, नंतर देतो. मी टेबलापाशी उभीच राहिले.

समितीनं शिफारस केली, कंपनीनं ती लागू केली. आता माझ्या रजेवर उत्पादन विभागाच्या बाई सही करतात. चौकशी चालू आहे, आणि मेमोच्या उत्तराला अजून उत्तर आलेलं नाही.