चाचणीची नोंद: मोफत घरपोच, ०.०७ आणि सात हजारांची एक ऑर्डर

गुहागरच्या आमच्या वहिनींच्या संकेतस्थळावर कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ विकले जाते, आणि त्यावरच्या चाचण्यांचे आकडे वाचणे हा माझा फावल्या वेळचा छंद आहे. या वेळची चाचणी घरपोच खर्चाची होती, आणि संकेतस्थळावर येणारे ग्राहक त्यासाठी यदृच्छेने दोन बाजूंत वाटले जात होते. ‘अ’ बाजूच्या ग्राहकाला प्रत्येक ऑर्डरवर ९० रुपये कुरिअर खर्च भरावा लागत होता. ‘ब’ बाजूला ६०० रुपयांपासून पुढच्या ऑर्डरला घरपोच मोफत होते, म्हणजे ते ९० रुपये वहिनींच्या गल्ल्यातून जात होते. एकदा एका बाजूला पडलेला ग्राहक पुन्हा आला तरी त्याच बाजूला राहील अशी व्यवस्था होती, आणि मोजणी भेटींची न करता ग्राहकांची केली होती.

किती ग्राहक लागतील हे सुरू करण्यापूर्वीच ठरवले होते. त्यासाठी मी नेहमीचे ढोबळ सूत्र वापरतो, ज्यात खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता ८० टक्के आणि सार्थकतेची पातळी, म्हणजे फरक नसताना तो आहे असे चुकून ठरण्याची शक्यता, ५ टक्के धरलेली असते:

```
n = 16 × p × (1 − p) / d²
```

येथे n म्हणजे प्रत्येक बाजूला लागणारे ग्राहक, p म्हणजे दोन्ही बाजूंच्या अपेक्षित खरेदी-दरांची सरासरी आणि d म्हणजे आपल्याला दिसायला हवा असलेला किमान फरक. शंभरातले दोन ग्राहक खरेदी करतात आणि ते तीन व्हावेत अशी अपेक्षा धरली, तर p ०.०२५ आणि d ०.०१ होऊन प्रत्येक बाजूला ३,९०० ग्राहक पुरतात. मात्र दोनचे अडीच झालेले ओळखायचे असेल, तर तोच आकडा १४,००० वर जातो, कारण फरक निम्मा झाला की त्याचा वर्ग चौथाई होतो. श्रावणातली गर्दी धरूनही १४,००० मिळणे शक्य नव्हते, म्हणून मोठाच फरक दिसेल हे मान्य करून पूर्ण आठवडे भरेपर्यंत चाचणी चालवायचे ठरले.

मध्येच एकदा निकालाच्या फलकावरचे पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेले आणि हिरवी खूण उमटली. “भावोजी, हिरवं आलं की हो, आता सगळ्यांनाच ते दाखवा ना,” असा वहिनींचा लगेच निरोप आला. त्यांना मी थांबायला सांगितले. निकाल वाटेत पाच वेळा सारख्या अंतराने पाहिला आणि जिथे ०.०५ ओलांडले जाईल तिथे थांबायचे असे ठेवले, तर दोन्ही बाजू अगदी सारख्या असतानाही फसवा विजेता मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास जाते. फलक पाहायला हरकत नाही. पाहून थांबायला आहे.

शेवटी ‘अ’ बाजूला ४,१०० ग्राहक आणि ८२ ऑर्डरी, तर ‘ब’ बाजूला ४,११५ ग्राहक आणि १०७ ऑर्डरी झाल्या. ग्राहकांची वाटणी जवळजवळ समसमान निघाली, म्हणजे वाटप करणाऱ्या यंत्रणेत गडबड नव्हती. खरेदीचा दर २.० टक्क्यांवरून २.६ टक्के झाला आणि पी-मूल्य ०.०७ आले. याचा अर्थ ‘ब’ चांगली असण्याची शक्यता ९३ टक्के आहे असा होत नाही. दोन्ही बाजूंत खरोखर काहीच फरक नसता, तरी एवढी किंवा याहून मोठी तफावत निव्वळ योगायोगाने शंभरात सुमारे सात वेळा दिसली असती, इतकेच तो आकडा सांगतो. मला त्याहून खरा फरक कोणत्या मर्यादांत असू शकतो हे दाखवणारे ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतर जास्त उपयोगी वाटते, आणि ते येथे उणे ०.०५ पासून अधिक १.२५ टक्के-बिंदूंपर्यंत होते. फरक नगण्य असू शकतो किंवा चांगला घसघशीतही असू शकतो, आणि आपला नमुना त्या दोहोंत निवड करू शकत नाही.

इथवर आले की बहुतेक जण ०.०७ ला ‘जवळजवळ सार्थ’ म्हणायचे की नाही यावर वाद घालतात. मला तो वाद निरर्थक वाटतो, कारण वहिनींना दर नको असतो, महिनाअखेरीस हातात काय उरले ते हवे असते.

‘अ’ बाजूची विक्री ५२,४८० रुपये, म्हणजे सरासरी ६४० रुपयांची ऑर्डर. ‘ब’ बाजूची विक्री ७३,८३० रुपये, सरासरी ६९०. विक्री ४१ टक्क्यांनी वाढली हे वाचून कोणीही खूश होईल. आता वहिनींच्या हिशेबाने विक्रीचा ३५ टक्के भाग सुटतो असे धरू. ‘अ’ बाजूला १८,३६८ रुपये सुटले. ‘ब’ बाजूला २५,८४१ सुटले, पण त्यातल्या ७० ऑर्डरींचे कुरिअर आपण भरले, म्हणजे ६,३०० वजा जाऊन १९,५४१ उरले. दर ग्राहकामागे हे ४.४८ रुपये आणि ४.७५ रुपये होतात. एवढ्या वाढीतून पदरात पडले ते ग्राहकामागे सत्तावीस पैसे.

आणि तेही कोणामुळे, हे पाहण्यासाठी ऑर्डरींची यादी ओळीने वाचली. ‘ब’ बाजूच्या यादीत मुंबईच्या एका सोसायटीची ७,२०० रुपयांची ऑर्डर होती, गणपतीत वाटायला घेतलेल्या आंबापोळीची. ही एक ओळ बाजूला ठेवली तर ‘ब’ ची सरासरी ऑर्डर ६२९ रुपयांवर, म्हणजे ‘अ’ पेक्षाही खाली येते, आणि ग्राहकामागचा नफा ४.१६ रुपये होतो. विजेता बदलतो. आवडली नाही म्हणून एखादी ऑर्डर नंतर गाळणे चुकीचेच आहे, म्हणून मी दोन्ही आकडे नोंदवून ठेवले आहेत. पण ज्या निकालाची दिशा एका सोसायटीच्या मर्जीवर फिरते, त्यावर दुकानाचे धोरण ठरवू नये. नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून काढलेले नफ्यातील फरकाचे अंतरही तेच सांगते: ग्राहकामागे सुमारे दीड रुपया तोट्यापासून दोन रुपये फायद्यापर्यंत.

त्याच यादीत कारणही सापडले. ५०० ते ५९९ रुपयांच्या ऑर्डरी ‘अ’ बाजूला १४ आणि ‘ब’ बाजूला ५ होत्या. लोकांनी शेवटी एखादे पिठाचे पाकीट टाकून ६०० गाठलेले स्पष्ट दिसते. हे हवेच होते. मात्र ‘अ’ बाजूच्या ८२ पैकी ३८ ऑर्डरी मुळातच ६०० च्या पुढे होत्या. असे ग्राहक कुरिअरचे पैसे स्वतः भरून घेतच होते, त्यांना आपण विनाकारण ९० रुपये सोडले. मर्यादा सरासरी ऑर्डरीच्या खाली ठेवली की असेच होते.

त्यामुळे ‘ब’ सर्वांसाठी लावलेली नाही. पुढच्या चाचणीत मोफत घरपोचची मर्यादा ८०० रुपये असेल आणि निकाल ग्राहकामागच्या नफ्यावरच ठरेल. कोणतीही ऑर्डर मोजताना ३,००० रुपयांवर कापायची, म्हणजे त्याहून मोठी असली तरी ३,००० चीच धरायची, हे सुरू होण्याआधीच लिहून ठेवले आहे. या कापणीचा फायदा मोठा आहे: ग्राहकामागे एक रुपयाचा फरक पकडायला न कापता प्रत्येक बाजूला तीस हजारांच्या आसपास ग्राहक लागले असते, कापल्यावर ते वीस हजारांच्या आसपास येतात. तेवढे ग्राहक एकट्या गणपतीच्या हंगामात मिळत नाहीत, आणि सणाची खरेदी वर्षभराला लावणेही बरोबर नाही, म्हणून ही चाचणी दिवाळीनंतर सुरू होऊन आंब्याच्या मोसमाआधी संपेल. तोवर वहिनींनी ९० रुपये पूर्वीसारखेच घ्यायचे आहेत.