बिलांचे फोटो आणि तिघांचा हिशेब

महिनाअखेर आली की आमच्या फ्लॅटच्या सामायिक ग्रुपमध्ये साठलेले बिलांचे फोटो मी एकेक करून वहीत उतरवतो. आजचा मुख्य प्रश्न विजेच्या बिलाचा होता, कारण आमच्यापैकी एक जण बरेच दिवस गावी होता आणि बिलाचे सरळ तीन भाग करणे त्याला मान्य नव्हते. त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. भाड्याचा प्रश्न मात्र येत नाही. खोली रिकामी असली तरी ती त्याच्यासाठीच अडून राहते, म्हणून प्रत्येक जण आपल्या खोलीचे ठरलेले भाडे परस्पर भरतो.

आधी किराणा घेतला. बिलाचा कागद काही आठवड्यांत फिका पडतो, म्हणून फोटो त्याच दिवशी, कागद सपाट ठेवून काढायचा असे आम्ही ठरवले आहे. बिल लांब असले तर दोन फोटो लागतात आणि जोडावरची एखादी ओळ दोनदा मोजली जाते. आज वहीतली बेरीज 1027 आली, तर बिलावर सवलतीआधीची रक्कम 1000 छापलेली होती. फरक एखाद्या ओळीच्या रकमेइतकाच असता तर ओळ सुटली किंवा दोनदा आली असे समजलो असतो. पण 27 ची ओळच नव्हती, आणि 27 ला 9 ने भाग जातो. असा फरक बहुधा शेजारचे दोन अंक उलटे वाचल्याने पडतो. शोधल्यावर 36 च्या जागी 63 सापडले.

या बिलावर एकूण 100 ची सवलत होती. मोठ्या खोलीतल्या मित्राच्या खाजगी वस्तू 200 च्या होत्या. सवलत सगळ्या बिलावर असल्यामुळे त्यांनाही दहावा हिस्सा मिळायला हवा, म्हणून त्याच्या नावावर 180 लिहिले. उरलेल्या 720 चे प्रत्येकी 240 झाले, कारण हे सामान तिघेही घरी असतानाच आणून संपलेले आहे. सवलत एकाच वस्तूवर असती तर ती त्या वस्तूबरोबरच गेली असती.

विजेच्या बिलात पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे त्याचा कालावधी, जो कॅलेंडरच्या महिन्याशी क्वचितच जुळतो. गावी गेलेला मित्र सोळा दिवस नव्हता, पण या बिलाच्या 30 दिवसांत त्यातले दहाच पडतात. उरलेले सहा पुढच्या बिलात धरले जातील. म्हणजे आम्हा दोघांचे तीस-तीस आणि त्याचे वीस, असे एकूण 80 हजेरीचे दिवस झाले.

बिल 1500 चे असले तरी पूर्ण रक्कम या 80 दिवसांवर वाटणे चुकीचे ठरले असते. त्यातला 300 चा स्थिर आकार घरात कोणी नसले तरी द्यावाच लागतो, आणि फ्रिज व राउटरही कोणाची वाट न पाहता चालूच असतात. त्यांचा खप आम्हाला ठाऊक आहे, कारण मागे तिघेही दोन दिवस बाहेर होतो तेव्हा निघताना आणि परतल्यावर मीटरचे फोटो काढले होते आणि दोन्ही आकड्यांत 2 युनिटांचा फरक होता. दिवसाला एक युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे 30. या बिलात 150 युनिटांचे 1200 लागले आहेत, तेव्हा सरासरीने 30 युनिटांचे 240 होतात. (दर टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर ही सरासरी ढोबळच, पण तिघांनाही ती चालते.)

अशा रीतीने 300 आणि 240 मिळून 540 ही रक्कम तिघांत सारखी, म्हणजे प्रत्येकी 180 वाटली. उरलेले 960 हजेरीच्या 80 दिवसांवर विभागले, तेव्हा दिवसाला 12 आले. आम्हा दोघांचे 360 आणि त्याचे 240. सगळे धरून आमचे प्रत्येकी 540 आणि त्याचे 420 झाले. सरळ तीन भागांत त्याला 500 पडले असते. नुसते दिवस मोजले असते तर 375. तो 375 ची अपेक्षा धरून आला होता, पण मीटरचे फोटो दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही.

शेवटी कोणी किती भरले ते लावले. किराण्याचे 900 मी दिले होते आणि विजेचे 1500 मोठ्या खोलीतल्या मित्राने. माझा वाटा 780, त्याचा 960 आणि गावी गेलेल्याचा 660. म्हणून गावी गेलेल्याने मला 120 आणि त्याला 540 द्यायचे एवढेच उरले. आम्हा दोघांत काही देणे-घेणे राहिले नाही. दोन्ही रकमा आल्यावर त्या फोटोंखाली तारखेसह ‘मिटले’ असे लिहिले, म्हणजे तेच बिल पुढच्या महिन्यात पुन्हा हिशेबात येणार नाही.