आमची वाटचाल: क्रेडिट नोटसोबत जाणारं पत्र

वाळपईत आमचा काजूगराचा लहानसा कारखाना आहे. आधी गर ओळखीच्या दुकानांतच जायचा, पुढे मडगाव-पणजीची हॉटेलं आली आणि उधारीची खाती वाढली. तेव्हापासून माल परत आला की आम्ही नुसती क्रेडिट नोट पाठवत नाही, सोबत पत्र लिहितो. नोटेवर आकडे असतात, पण आपली बाकी नेमकी किती राहिली हे गिऱ्हाइकाला तेवढ्यावरून कळतंच असं नाही.

जुलैत मडगावच्या एका दुकानदारांना लिहिलेलं पत्र असं होतं:

‘स. न. वि. वि.

आपण परत पाठवलेले दोन डबे मिळाले. वाटेत झाकणं उचकटून पावसाळी हवा आत गेली होती. गर वातड झाला आहे, दाताखाली मोडत नाही. तो विकण्याजोगा नाही, म्हणून २० किलोंची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. मूळ बिलाचा नंबर आणि तारीख तिच्यावर आहे.

मूळ बिल ६० किलोंचं, ८०० रुपये दराने ४८,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी २,४०० रुपये, म्हणजे एकूण ५०,४००. आपले आगाऊ २०,००० जमा आहेत, तेव्हा येणे ३०,४०० होते. परत आलेल्या मालाचे १६,००० आणि त्यावरचा कर ८००, मिळून १६,८०० आपल्या खात्यावर जमा केले. आता बाकी १३,६०० रुपये.

फोनवर आपण १४,४०० म्हणालात. आपण मालाची किंमत वजा केलीत, तिच्यावरचा कर राहिला. फरक त्या ८०० रुपयांचाच आहे आणि तो आपल्या बाजूने आहे.

आपण पूर्ण बिलाचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर त्यातले ८०० (सीजीएसटी ४००, एसजीएसटी ४००) कमी करावेत. नोट आमच्या या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये जाईल, मग आपल्या २बी मध्ये दिसेल.’

शेवटच्या परिच्छेदावर मी अडून बसतो. गिऱ्हाइकाने घेतलेलं क्रेडिट कमी केलं नाही, तर आम्हालाही तेवढा कर कमी करून मिळत नाही. दुकानदारांनी पत्र त्यांच्या अकाउंटंटना दाखवलं, खातेउतारा जुळला आणि १३,६०० रुपये आले.

नोट लगेच काढण्याचं आणखी एक कारण आहे. मार्चअखेर संपलेल्या वर्षातल्या बिलावरची नोट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर त्या दिवसापर्यंतच, रिटर्नमध्ये दाखवता येते. नंतर गिऱ्हाइकाला मालाचे पैसे सोडता येतात, पण भरलेला कर कमी होत नाही. म्हणून दिवाळीची गडबड ओसरली की आम्ही गेल्या वर्षाच्या परत आलेल्या मालाची वही काढून बसतो. ज्यांची नोट राहिली असेल, त्यांना त्याच आठवड्यात पत्र जातं.