झेरॉक्समध्ये कापलेलं चित्र

नौपाड्यात मी कॉमर्सच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. परवा सात जणांच्या बिझनेस स्टॅटच्या असाइनमेंट कॉलेजातून तपासून आल्या. सातही जणांचं एकच गणित चुकलेलं आणि उत्तरही तेच. एकाने सोडवलं, बाकीच्यांनी उतरवलं, असं मी धरूनच चाललो.

गणित असं: डिलिव्हरीला सरासरी ४० मिनिटं लागतात, एसडी म्हणजे प्रमाण विचलन ८, वितरण नॉर्मल. ५० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागण्याची शक्यता किती? ५० वजा ४०, भागिले ८, म्हणून झेड, म्हणजे सरासरीपासून किती एसडी दूर ते, १.२५. इथवर सगळं चोख. मग नॉर्मल कर्व्हखालचं क्षेत्रफळ देणाऱ्या टेबलात १.२ ची ओळ, ०.०५ चा रकाना, तिथे ०.३९४४. ते एकातून वजा केलं आणि उत्तर लिहिलं ०.६०५६.

म्हणजे शंभरातल्या साठ डिलिव्हऱ्या ५० मिनिटांच्या पुढे! अरे, सरासरीच ४० आहे, ४० च्या पुढेच जेमतेम निम्म्या असणार. तपासणाऱ्याने नुसती लाल फुली मारलेली. का चुकलं ते लिहायला दोन शब्दही जड जातात.

"एकातून का वजा केलंस गं?"

"सर, तुम्हीच सांगितलंत ना, 'पेक्षा जास्त' आलं की एकातून वजा करायचं."

सांगितलं होतं. माझ्या टेबलात डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ असतं. १.२५ ला तिथे ०.८९४४ मिळतं आणि एकातून वजा केलं की ०.१०५६. कॉलेजने दिलेलं टेबल मधल्या रेषेपासून मोजणारं. त्यात वजाबाकी ०.५ मधून करायची, उत्तर तेच ०.१०५६. मुलांनी टेबल कॉलेजचं घेतलं आणि रीत माझी.

पुढच्या पोटप्रश्नाने तर दोघांना रडवलं. ९५ टक्के डिलिव्हऱ्या पोचतील अशी वेळ किती? दोघांनी जागा कोरी सोडलेली. "सर, ०.९५ टेबलात कुठेच नाही." नसणारच, मधून मोजलं तर आकडा ०.५ च्या वर जातच नाही. तिथे ०.४५ शोधायचं. ते १.६४ आणि १.६५ च्या बरोबर मध्ये सापडतं, म्हणून झेड १.६४५ आणि वेळ ४० अधिक १३.१६, म्हणजे ५३ मिनिटांच्या जरा पुढे.

खरं तर टेबलाच्या डोक्यावर घंटेसारखा कर्व्ह काढून कुठला भाग मोजलाय ते रंगवलेलं असतं. कॉलेजच्या कागदावर तो झेरॉक्समध्ये कापला गेला होता. मग मी मुलांना पहिलं घर बघायला लावलं, झेड शून्यचं. तिथे ०.०००० असेल तर मधून, ०.५००० असेल तर डावीकडून.

मुलं गेल्यावर कॉलेजला मनातल्या मनात शिव्या घालत मी माझी फाइल उघडली. माझ्या टेबलावरही कर्व्ह नव्हता. सगळं एका पानावर बसावं म्हणून कधीतरी मीच तो कापला होता.