तुम्ही विचारलंत म्हणून: बूमरँग परत का येतं?

“बूमरँग परत कसं काय येतं हो? आणि शिकार मारून तेच परत हातात येतं, हे खरं का?”

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. कशावर तरी आदळलं की बूमरँगची गिरकी मोडते आणि गिरकी मोडली की ते नुसतं लाकूड उरतं, जागच्या जागी पडतं. शिकार करणारं लाकूड आणि परत येणारं लाकूड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी शिकारीला वापरत ते सरळ जाणारं. परत येणारं मुख्यतः खंडाच्या आग्नेय भागात होतं. खेळायला, आणि बदकांच्या थव्यावरून ससाण्यासारखं फिरवून ती बिचकून खाली जाळ्यात यावीत म्हणून. खंडाचा बराच भाग असा होता, की तिथे परत येणारं बूमरँग नव्हतंच.

आता परत येण्याबद्दल. मी प्लायवूडची बूमरँग स्वतः कापून, तासून बनवतो, त्यामुळे मैदानावर हा प्रश्न ठरलेला. बहुतेकांना वाटतं की गुपित त्या वाकड्या आकारात आहे. तसं नाही. एकमेकांवर फुली मारलेल्या दोन पट्ट्याही मस्त परत येतात. गुपित आहे पात्याच्या छेदात. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, पुढची कड बोथट आणि मागची पातळ, म्हणजे विमानाच्या पंखासारखी. हवा कापत गेलं की पातं फुगीर बाजूकडे ढकललं जातं.

पण फेकायचं मात्र पंखासारखं आडवं नाही. जवळजवळ उभं धरायचं, माथा किंचित उजवीकडे कललेला, फुगीर बाजू डावीकडे, आणि मनगटाच्या झटक्याने गिरकी देऊन समोर सोडायचं. (हे सगळं उजव्या हाताचं. डावखुऱ्याला आरशातल्यासारखं उलटं कोरलेलं वेगळं बूमरँग लागतं.) म्हणजे हवेची ढकल वर नाही, डावीकडे लागते.

समजा, बूमरँग सेकंदाला २० मीटर वेगाने निघालंय आणि सेकंदाला १० गिरक्या घेतंय. मध्यापासून २० सेंटिमीटरवरचं टोक गिरकीमुळे सेकंदाला साधारण साडेबारा मीटर वेगाने फिरतं. हे टोक वर असतं तेव्हा ते पुढे जात असतं, म्हणून हवेला भिडण्याचा त्याचा वेग साडेबत्तीस मीटर. तेच टोक खाली आलं की मागे जात असतं, म्हणून वेग उरतो फक्त साडेसात. ढकल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वरची ढकल खालच्यापेक्षा सुमारे एकोणीसपट! म्हणजे बूमरँगचा माथा सतत डावीकडे लोटला जातोय.

साधी काठी असती तर डावीकडे कलंडली असती. फिरती वस्तू तशी कलंडत नाही. तिला जिथे ढकलाल, तिथला परिणाम गिरकीच्या दिशेने पाव फेरी पुढे दिसतो. हात सोडून सायकल चालवताना डावीकडे झुकलात, तर पुढचं चाक आपोआप डावीकडे वळायला बघतं ना, तेच हे. बूमरँगमध्ये वरून पाव फेरी पुढे म्हणजे समोरची कड. ती डावीकडे वळते. मग वळलेल्या दिशेने उड्डाण, तिथेही माथ्याला तीच ढकल, पुन्हा थोडं डावीकडे. असं वळत वळत वर्तुळ पुरं होतं. यात गुरुत्वाकर्षणाचा काही हात नाही. २००८ साली जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी अंतराळस्थानकात, वजनरहित अवस्थेत, बूमरँग फेकलं आणि ते परत आलं. हवा होती, तेवढं पुरलं.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढेच आहे. जोरात फेकलं तर वर्तुळ मोठं होईल असं सगळ्यांना वाटतं. होत नाही. वरच्या आणि खालच्या ढकलीतला फरक हा वेग गुणिले गिरकी या हिशेबाने वाढतो. पण गिरकी जितकी जास्त, तितकी वस्तू वळायला हट्टी. गिरकी दोन्हीकडून कटते आणि उरतं एवढंच की वळण्याची चपळाई पुढे जाण्याच्या वेगाच्या प्रमाणात असते. दुप्पट वेगाने जाईल ते दुप्पट चपळाईने वळेल, वर्तुळ तेवढंच. वर्तुळ किती मोठं हे पात्याच्या आकाराने, वजनाने आणि ते वजन मध्यापासून किती लांब आहे याने ठरतं, म्हणजे फेकण्याआधीच, करवतीखाली. म्हणूनच मोठं वर्तुळ हवं असेल तर टोकांना वजन चिकटवतात.

जोर मात्र लागतो, कारण वेग आणि गिरकी यांचं प्रमाण जुळावं लागतं. गिरकी कमी पडली की बूमरँग वळण पूर्ण करण्याआधीच मान टाकतं. आणि ते जास्त आडवं फेकलं तर त्याच पाव फेरीच्या नियमाने समोरची कड वर उठते, ते सरळ आकाशात चढतं आणि वरून दणकन जमिनीवर येतं. नवशिक्याचं बूमरँग मोडतं ते बहुधा असंच.

नीट फेकलेलं परत येताना मात्र हळूहळू स्वतःच आडवं होत जातं. पुढच्या कडेला कोरी हवा मिळते, मागच्या कडेला पुढच्या पात्याने ढवळलेली, म्हणून पुढे ढकल थोडी जास्त. तिचा परिणाम पाव फेरी पुढे, म्हणजे तळाशी. तळ डावीकडे सरकतो, माथा उजवीकडे झुकतो, फुगीर बाजू वर येते. शेवटी ते आडवं तरंगत उतरतं आणि दोन तळव्यांत दाबून झेलता येतं.

एवढं कळलं की शिकारीच्या काठीकडे बघायची नजर बदलते. पंखासारखी ढकल असलेली कुठलीही फिरती काठी वळणारच. सरळ जाणं हीच खरी अवघड कारागिरी. शिकारीची काठी आडवी फेकतात, त्यामुळे हवेची ढकल तिचं वजन पेलायला कामी येते आणि ती जमिनीलगत दूरवर जाते. पण मग आत्ताच सांगितलेलं वर चढणं टाळायला हवं. त्यासाठी एक तर ती जड आणि लांब करतात; परत येणारं शंभर ग्रॅमच्या आसपास असेल, तर ही त्याच्या कितीतरी पट. दुसरं म्हणजे छेद दोन्ही बाजूंनी फुगीर ठेवून ढकल बेताची करतात. आणि तिसरी युक्ती सगळ्यात सूक्ष्म. टोकं किंचित उलटी पिळलेली असतात, म्हणजे मधला भाग वर उचलतो आणि टोकं तो जास्तीचा कल मारून टाकतात. वाकडेपणाही कमी. मुल्गासारख्या कठीण लाकडाचा, मुळातच वाकलेला तुकडा निवडायचा, म्हणजे रेषा वळणाबरोबर वळतात आणि आदळल्यावर तो चिरत नाही. हे सगळं कारागीर डोळ्याने आणि हाताने ठरवत आलेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायरी स्वॅम्पच्या दलदलीत सापडलेली लाकडी बूमरँग सुमारे १०,००० वर्षं जुनी आहेत.

कुणी ऑस्ट्रेलियाहून भेट म्हणून आणलंच, तर फेकण्याआधी कडा चाचपून बघा. परत येणाऱ्या दोन पात्यांच्या बूमरँगला एका पात्याची बोथट कड बाहेरच्या अंगाला असते आणि दुसऱ्याची आतल्या, कारण गिरकीत दोन्ही पात्यांची पुढची कडच हवेला भिडायला हवी. दोन्ही पात्यांच्या कडा सारख्याच गोल असतील, तर रंगवलेले ठिपके कितीही सुंदर असोत, ते भिंतीवर लावायचं आहे.